वही सातला बंद, दिवा साडेनऊला

«ताई, माझा मुलगा ईशान सात वर्षांचा आहे, दुसरीत. आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. शाळेची व्हॅन साडेसातला येते, म्हणून पावणेसातला उठवावंच लागतं. संध्याकाळी खेळून आला की अभ्यासाला बस म्हटलं तर पाच मिनिटं, मग भूक लागली, मग रडारड. मुलांना पर्याय द्यावेत असं ऐकलं होतं, तेही करून पाहिलं, तर तो तिसरंच काहीतरी मागतो. वह्या उघडेपर्यंत साडेआठ होतात. मिस्टर बुटीबोरीहून नऊला येतात, तेव्हा हा उड्या मारून राहिला असतो. मग दहाला त्याला आठवतं की होमवर्क बाकी आहे! झोपेपर्यंत अकरा. मी चिडते, कधी हात उठतो, मग वाईट वाटून मोबाईल देते. सासूबाई म्हणतात, लेकराला कायले एवढं. कडक होऊ की सोडून देऊ?
— एक आई, नागपूर»

ईशानच्या आई,

दहाला होमवर्क आठवणारा मुलगा विसराळू नसतो. उलट त्याला घराची नस सापडलेली असते. 'झोप येत नाही' म्हटलं तर आई रागावते, पण 'होमवर्क राहिला' म्हटलं तर कोणतीच आई 'राहू दे, झोप' म्हणत नाही. वही म्हणजे त्याला जागं राहायचा परवाना झाली आहे. म्हणून अभ्यासाचं भांडण वेगळं आणि झोपेचं वेगळं असं समजू नका. गाठ एकच आहे, आणि ती संध्याकाळच्या टोकाकडून सुटते.

पर्याय तुम्ही दिलेत, पण हद्द न आखता दिलेत असं मला वाटतं. आधी हद्द बघू.

अभ्यासाला बसायची वेळ जशी ठरते तशी उठायचीही ठरवा. समजा साडेसहाला बसायचं आणि सातला वही बंद. झालं असो वा नसो, बंद. इथे बहुतेक आया दचकतात. 'नसो' कसं चालेल? पण नीट बघा: 'पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही' ही हद्द ठेवली तर अभ्यास कधी संपणार हे ईशान ठरवतो. पेन्सिलचं टोक काढत, खोडरबर शोधत तो तीच गोष्ट दहापर्यंत नेऊ शकतो, आणि नेतोच आहे. 'सातला बंद' म्हटलं की ते घड्याळ ठरवतं, आणि घड्याळाशी रडून काही मिळत नाही. दुसरीच्या मुलाला सलग अर्धा तास लिहिणं जड जातं, म्हणून मध्ये दोन मिनिटं उठून पाणी पिऊन येऊ द्या. अर्धा तास दुसरीला पुष्कळ झाला. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. शाळा देतात तो भाग वेगळा. माझ्या मुलीला पहिलीत एका सुट्टीसाठी चाळीस पानं शुद्धलेखन होतं, त्यातली सोळा माझ्या अक्षरात आहेत, हे मी इथे कबूल करून टाकते.

सात वाजता काम राहिलं तर वहीत पेन्सिलने एक ओळ लिहा: 'ईशान आज अर्धा तास बसला, एवढं झालं, बाकी राहिलं.' खाली सही. पण पहिली चिठ्ठी जाण्याआधी वर्गशिक्षिकेला एकदा भेटून सांगून ठेवा की पुढचे तीन आठवडे आम्ही असं करतोय. बहुतेक बाई समजून घेतात. राहिलेल्याबद्दल वर्गात काय बोलायचं ते त्या बोलतील, आणि ते बोलणं ईशानचं ईशानने ऐकायचं. घरी त्यावर दुसरं भाषण नको.

तो अर्धा तास मुद्दाम वाया घालवेल का? घालवेल, पहिले दोन-तीन दिवस नक्कीच. म्हणून त्या वेळात टीव्ही बंद, मोबाईल नाही, बॉल नाही. समोर वही आणि शेजारी तुम्ही मेथी निवडत बसलेल्या. लिही म्हणून मागे लागू नका. नुसतं बसण्याचाही कंटाळा येतो हो, आणि कंटाळलेलं मूल शेवटी पेन्सिल उचलतं.

आता पर्याय. हद्दीच्या आत जी मोकळी जागा उरते तिथेच पर्याय द्यायचा. बसायचं की नाही, हा प्रश्न नाही. मराठी आधी की गणित आधी, हा प्रश्न आहे. डायनिंग टेबलावर की गॅलरीतल्या चटईवर, हाही आहे. दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी तुम्हाला सारखंच चालायला हवं, नाहीतर तुमचा चेहरा सांगतो की बरोबर उत्तर कोणतं, आणि मुलं चेहरा आधी वाचतात. दोन्ही गोष्टी या क्षणी सुरू करता येण्याजोग्या हव्यात. 'आत्ता करतोस की जेवण झाल्यावर' हा पर्याय कधीच देऊ नका. त्यात टाळायची फट तुम्हीच ठेवता. आणि 'अभ्यास करतोस की बाबांना सांगू' हा पर्याय नसून धमकी आहे. ती ऐकून मूल निवड करत नाही, फक्त तुम्ही खरंच सांगता का ते बघत बसतं.

आणखी एक साधी चूक आपल्या बोलण्यातच आहे. आपण लाडाने विचारतो, 'बसायचं का आता अभ्यासाला, राजा?' मूल प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतं, आणि आपण चिडतो. मीही मुलीला रात्री 'झोपायचं ना?' असं विचारायचे. एकदा ती शांतपणे 'नको, थँक यू' म्हणाली, आणि मी उशी हातात धरून तशीच उभी. जिथे 'नाही' चालणार नाही तिथे प्रश्नचिन्ह वापरू नका.

तुमच्या घरातला प्रसंग मी असा रंगवून बघते. सहा पंचवीसला तुम्ही गॅलरीतून ओरडून नाही, तर खाली त्याच्याजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून सांगता, 'पाच मिनिटांनी वर.' साडेसहाला तो वर येतो, हातपाय धुतो. खायला आधीच टेबलावर आहे, मुरमुऱ्याचा चिवडा किंवा अर्धी पोळी, म्हणजे 'भूक लागली' हा पत्ता संपला. मग तुम्ही म्हणता, 'मराठी आधी की गणित?'

'काहीच नाही.'

'मराठी की गणित?' तोच आवाज, तेच शब्द. मग गप्प. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मोठ्याने मोजलंत तर तो नऊपर्यंत आरामात बसेल.

'आधी चित्र काढतो, मग मराठी.'

हा तुमचा तिसरा पर्याय आला. पत्रात तुम्ही इथेच अडकला आहात. चित्राची मागणी वाईट नाही, आणि म्हणूनच ती फसवी आहे. आत्ता हो म्हटलंत तर तो शिकतो की आईचे दोन पर्याय म्हणजे बोलीची सुरुवात असते. बर्डीवर खरेदी करताना आपण काय करतो? दुकानदाराने एकदा किंमत कमी केली की दुसऱ्यांदाही मागतो, आणि तिसऱ्यांदा दुकानातून निघायचं नाटक करतो. 'एकच भाव' अशी पाटी असलेल्या दुकानात मात्र कोणी तोंड वाजवत नाही, कारण तिथे आजवर कोणाला कमी मिळालेलं नसतं. ईशानने तुमच्याशी घासाघीस करावी यात त्याची काही चूक नाही. आजवर त्याला भाव कमी करून मिळत आला आहे.

तेव्हा तुमचं उत्तर: 'चित्राचं उद्या ठरवू. आज मराठी की गणित, नाहीतर मी सांगते.' पुन्हा दहा आकडे मनात. तरी उत्तर नाही? 'बरं, आज मी ठरवते. मराठी.' वही उघडून त्याच्यासमोर ठेवा आणि स्वतः बसा. 'बघ, तू ठरवलं नाहीस ना' असं टोचू नका. आता तो 'नाही, गणित!' म्हणेल. सगळीच मुलं म्हणतात. 'उद्या तू निवड, आज मराठी.' इथे तुम्ही गणिताला हो म्हटलंत तर काय बिघडलं, असं वाटेल. अभ्यास तर सुरू होतोय. पण उद्यापासून दहा आकडे संपल्यावरच त्याचं खरं बोलणं सुरू होईल.

आणि चित्राचं 'उद्या ठरवू' म्हटलंत ते विसरू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडण नसताना, तुम्हीच काढा: 'काल तू चित्र म्हणाला होतास. सात वाजता वही बंद झाली की चित्र की पत्ते?' मागणी मान्य झाली, पण रडताना नाही. त्याला हा फरक फार लवकर कळतो.

पर्याय दिवसभर वाटू नका. कोणती चड्डी, कोणता डबा, कोणता चमचा असं सगळंच विचारलं तर सात वर्षांचं पोर संध्याकाळपर्यंत थकतं आणि प्रत्येक गोष्टीवर बोलणी करायची सवय लागते. अभ्यासाला एक, झोपायच्या वेळी दोन, एवढे पुरे.

आता रात्र. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पावणेसातला उठायचं तर साडेनऊला झोपल्यावर सव्वानऊ तास होतात, अकराला झोपल्यावर पावणेआठ. म्हणजे दिवा साडेनऊला बंद व्हायला हवा हे खरं. पण उद्याच साडेनऊला बंद केलात तर फसाल. त्याच्या शरीराला अकराची सवय झाली आहे. साडेनऊला पाठवलेलं मूल दीड तास टक्क जागं पडतं, आणि टक्क जाग्या मुलाला तहान, सू, डास, भूत, उद्याची रंगपेटी असं सगळं आठवतं. तुम्हाला ती नाटकं वाटतात. निम्मी तर खरीच असतात.

म्हणून सुरुवात आहे तिथून करा. पहिले तीन दिवस दिवा पावणेअकराला. मग तीन दिवस साडेदहा, मग सव्वादहा. पाव-पाव तासाने सहा टप्पे, म्हणजे अठरा रात्रींत साडेनऊ. सासूबाई म्हणतील, ही कोण बाई लेकराला पावणेअकराला झोपवायला सांगते! म्हणू द्या. दिवा बंद झाल्यावर साधारण वीस मिनिटांत तो झोपत असेल तरच पुढचा टप्पा. नसेल तर त्याच वेळेवर आणखी दोन-तीन दिवस थांबा. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की, रविवारीसुद्धा फार तर सव्वासात. रविवारी नऊपर्यंत झोपू दिलंत की आठवड्यात कमावलेली झोपेची वेळ पुन्हा पुढे सरकते. हे लोक विसरतात आणि मग म्हणतात उपाय चालला नाही. दुपारी शाळेतून आल्यावर झोपत असेल तर तेही बंद करावं लागेल.

दिव्याच्या आधीचा पाऊण तास रोज त्याच क्रमाने जाऊ द्या: दात, सू, कपडे, अंथरूण, गोष्ट. मोबाईल आणि टीव्ही त्याच्याही आधी बंद. इथे दोन पर्याय बसतात. 'निळा नाईट ड्रेस की चेक्सचा?' आणि 'आजीची गोधडी की रजई?' गोष्ट एकच, हा पर्याय नाही. सात वर्षांच्या मुलाला वेळेचा अंदाज नसतो, म्हणून भिंतीवरच्या घड्याळात दाखवा, मोठा काटा सहावर आला की दिवा. वेळ बदलेल त्या दिवशी सकाळीच सांगा की आज मोठा काटा तीनवर.

दिवा बंद झाल्यावरच्या हाकांसाठी एक युक्ती आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं एक तिकीट कापा, त्यावर त्याचं नाव त्यालाच लिहू द्या. रोज रात्री दिवा बंद करताना तिकीट त्याच्या हातात. त्या तिकिटावर त्याला एकदा उठता येईल किंवा एकदा तुम्हाला बोलावता येईल: पाणी, मिठी, काहीही, दोन-तीन मिनिटांत उरकेल असं. वापरलं की तिकीट तुमच्याकडे. त्यानंतर उठला तर त्याला हात धरून अंथरुणावर आणायचं आणि 'झोपायची वेळ' एवढंच म्हणायचं. दिवा लावायचा नाही, कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही. रागवण्यातही त्याला तुमची पाच मिनिटं मिळतात. सू लागली तर जाऊ द्या, त्याला तिकीट नको, पण गप्पाही नकोत. गंमत अशी की बरीच मुलं तिकीट वापरतच नाहीत. आणखी गरज पडली तर, म्हणून उशीखाली जपून ठेवतात आणि तसंच धरून झोपतात. आणि 'होमवर्क राहिला' आठवलं तर? वही सातला बंद झाली. ती आता सकाळीच दप्तरात दिसेल.

ईशानच्या बाबांचं नऊला येणं काही चुकीचं नाही. त्यांना भेटायला मूल जागं राहतं, यात अभिमान वाटावा असंच काही आहे. फक्त त्यांच्या वाट्याला उड्या मारायचा खेळ नको, गोष्ट द्या. दात घासून झाले की पुढचं काम बाबांचं. तुम्हालाही तेवढी उसंत मिळेल.

सासूबाईंशी बोलावं लागेल, तेही ईशानसमोर नाही. दुपारच्या चहाला. त्यांना नियम समजावू नका, काम द्या. तिकीट गोळा करायचं काम त्यांचं. नातवाच्या रडण्यावर पाघळणारी आजी त्याच्या तिकिटाची मात्र कडक हिशोबी होते, हे मी दोन-तीन घरांत बघितलं आहे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगा: तुम्ही नाही म्हटल्यावर आजीने आतून लाडू दिला, असं आठवड्यातून एकदा झालं तरी ईशान सातही दिवस रडून बघेल. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की मूल लवकर सोडून देतं. कधीतरीच मिळणारी गोष्ट ते फार चिकाटीने मागत राहतं. लॉटरीच्या दुकानासमोर रोज उभ्या राहणाऱ्या माणसासारखं.

आता जे कोणी आधी सांगत नाही ते. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सगळं बिघडल्यासारखं वाटेल. रडणं पंधरा मिनिटांवरून चाळीसवर जाईल, दप्तर फेकलं जाईल, 'तू वाईट मम्मी आहेस' ऐकावं लागेल. आजवर जे चालत होतं ते चालेना म्हणून तो आवाज वाढवून बघतो. नळाला पाणी आलं नाही की आपण नळ आणखी उघडतो, तसं. त्या दिवशी तुम्ही मोबाईल दिलात तर त्याला चाळीस मिनिटं हा नवा भाव कळतो. त्या रात्री तुमचा हात उठेल असं वाटलं तर खोलीबाहेर पडा, दुसऱ्या कोणाला तरी आत पाठवा. मारल्याने हद्द पक्की होत नाही. मारल्यावर वाईट वाटून तुम्ही जे देता, त्याने ती मोडते.

सुधारतंय की नाही हे रडण्यावरून जोखू नका. कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहा: दिवा बंद कधी, झोप कधी. आणि तिसरी खूण, 'मराठी की गणित' विचारल्यावर त्याने किती वेळात उत्तर दिलं. साधारण दोन आठवड्यांत तो तुम्ही विचारायच्या आत 'गणित' म्हणून मोकळा होईल.

आणि आकडे हलतच नसतील तर? अर्धा तास मन लावून बसूनही चार ओळी होत नाहीत, फक्त वाचन आलं की पोट दुखतं, अक्षरं उलटी पडतात, असं महिनाभर दिसलं तर अडचण हट्टाची नाही. शिक्षिकेशी बोला आणि शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, नऊ तास झोपूनही सकाळी पेंगतो, तर आधी बालरोगतज्ज्ञ. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असली तर तिकिटाने काही होत नाही.

हे मार्चच्या आत बसवा. उन्हामुळे आपल्याकडे बऱ्याच शाळा सकाळच्या होतात, उठायची वेळ आणखी अलीकडे येते, आणि वरच्या मजल्यावरची खोली कूलर लावूनही दहापर्यंत निवत नाही. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या झोपेचंच कारण देऊन चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं होतं. तुमची व्हॅन साडेसातलाच येते, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

मध्ये लग्न येईल, पाहुणे येतील. अशा दिवशी सूट द्या, पण ती सकाळीच तुम्ही जाहीर करा: 'आज मामाकडे लग्न आहे, आज दिवा साडेदहाला.' संध्याकाळी त्याने रडून मिळवलेली आणि सकाळी तुम्ही दिलेली सूट, घड्याळात दोन्ही सारख्याच दिसतात, त्याच्या हिशोबात नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसातला उठवा आणि तिकीट उशीखाली ठेवा. लागोपाठ तीन-चार दिवस मोडले, तर एक टप्पा मागे जाऊन तिथून पुन्हा.